घरातल्या वायफायचा हीट मॅप: चालत मोजणी करून नवे यंत्र कुठे बसवायचे ते ठरवणे

कोल्हापुरातल्या जुन्या पेठांमधली घरे रस्त्याकडेला अरुंद आणि आत खोलवर लांब असतात. पुढे सोपा, त्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे परसाच्या जागेत नंतर वाढवलेली खोली, अशी एकामागे एक रचना असते. इंटरनेटची फायबर केबल रस्त्याकडून येते, जोडणी करणारा माणूस पहिल्या खोलीत टीव्हीशेजारी राउटर बसवतो आणि निघून जातो. मागच्या खोलीत रेंज मिळत नाही हे घरच्यांना आठवड्याभरात कळते. पण ती नेमकी कुठे तुटते आणि कशामुळे तुटते, हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे पुष्कळदा चुकीच्या जागी चुकीचे यंत्र बसते.

मंगळवार पेठेत माझ्या मावशीचे घर आहे. तिची सून, म्हणजे माझी वहिनी, मागच्या खोलीत बसून उद्यमनगरातल्या दोन कारखान्यांचे हिशेब पाहते आणि तिचे व्हिडिओ कॉल सतत तुटत होते. त्या घराची मोजणी मी एका रविवारी केली आणि कुठे किती सिग्नल मिळतो ते रंगांनी दाखवणारा नकाशा, म्हणजे हीट मॅप, काढला. पुढच्या सर्व पायऱ्या त्याच घराच्या आधाराने सांगतो. या कामाला एक मोबाइल, एक आलेख कागद, चार रंगांचे खडू आणि साधारण दोन तास लागतात.

आकडा वाचण्याची रीत

मोबाइलवर दिसणाऱ्या रेघा या कामाला उपयोगी नाहीत, कारण किती सिग्नलला किती रेघा दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरते ठरवते. आपल्याला डीबीएम या एककातला आकडा हवा. तो नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, म्हणजे उणे ६० हा उणे ७० पेक्षा चांगला. ही मोजपट्टी सरळ वजाबाकीची नाही, हे मात्र आधी नीट समजून घ्यावे. आकडा ३ ने उतरला की पोहोचणारी शक्ती निम्मी होते आणि १० ने उतरला की दहावा हिस्सा उरतो. त्यामुळे उणे ६० आणि उणे ८० यांत फरक वीसचा दिसला, तरी प्रत्यक्षात शक्तीतला फरक शंभरपट असतो.

व्हिडिओ कॉल विनातक्रार चालावा यासाठी उणे ६७ ही मर्यादा या क्षेत्रात सर्वसाधारणपणे धरली जाते. उणे ७५ च्या खाली जोडणी टिकते, पण काम रखडते, आणि उणे ८५ च्या आसपास ती तुटू लागते. आपल्या नकाशावरची सर्वांत महत्त्वाची रेषा म्हणजे उणे ६७ ची रेषा होय.

अँड्रॉइड मोबाइलवर वायफाय अॅनालायझर प्रकारचे कोणतेही मोफत अॅप हा आकडा दाखवते. त्यासाठी लोकेशन चालू ठेवावे लागते, नाहीतर यादी रिकामी येते. आयफोनवर बाहेरच्या अॅपना हा आकडा वाचता येत नाही. तिथे अॅपलचेच AirPort Utility घेऊन, आयफोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अॅपच्या नावाखाली असलेला Wi-Fi Scanner चालू करावा लागतो. लॅपटॉपच वापरायचा असेल, तर विंडोजमध्ये पुढील आज्ञा द्यावी.

```
netsh wlan show interfaces
```

यात Signal या ओळीत टक्केवारी दिसते. तिची निमपट करून त्यातून १०० वजा केले की डीबीएमचा अंदाज मिळतो. ६६ टक्के म्हणजे ३३ वजा १००, म्हणजे उणे ६७. लॅपटॉप उचलून घरभर फिरणे मात्र अवघड जाते, म्हणून मोबाइलच बरा.

नकाशा काढणे

घराची लांबी-रुंदी टेपने मोजून आलेख कागदावर काढावी. मावशीचे घर १६ फूट रुंद आणि ५४ फूट खोल आहे. १ सेंटिमीटर म्हणजे २ फूट असे प्रमाण धरल्यावर ते ८ बाय २७ सेंटिमीटरमध्ये, एका ए-४ कागदावर उभे बसले. खोल्यांच्या आतल्या सामानाला फारसे महत्त्व देऊ नये. भिंतींना मात्र पूर्ण महत्त्व द्यावे. प्रत्येक भिंत कशाची आहे आणि तिची जाडी किती, हे दाराच्या चौकटीशी पट्टी लावून मोजावे आणि भिंतीच्या रेषेवरच लिहावे. दारांच्या जागा नेमक्या दाखवाव्यात. लोखंडी कपाट, फ्रीज, भिंतीत बसवलेला मोठा आरसा आणि पाण्याची टाकी एवढ्याच वस्तू नोंदवाव्यात, कारण धातू आणि पाणी लहरींना अडवतात.

या घरात सोपा आणि माजघर यांमध्ये नऊ इंची विटांची भिंत आहे. माजघर आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत काळ्या दगडाची, दीड फुटाहून जाड आहे. पूर्वी घर तिथेच संपत होते. ती मुळातली मागची बाहेरची भिंत, पुढे घर वाढले तेव्हा आतली झाली. स्वयंपाकघर आणि मागची खोली यांमध्ये पुन्हा विटांची भिंत आहे. माजघराच्या वर माडी आहे, आणि तिची जमीन लाकडी तुळया आणि फळ्यांची आहे. राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये दगडी भिंत नसेल, पण स्लॅब, कॉलम आणि लिफ्टची भिंत यांची नोंद तिथेही अशीच करावी.

राउटरची तात्पुरती तयारी

आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली पट्टी भिंतींतून जास्त जाते, पण वेग कमी देते आणि शेजाऱ्यांच्या राउटरांनी भरलेली असते. दुसरी वेगवान आहे, पण भिंतीपाशी लवकर थकते. दोन्हींना एकच नाव असेल, तर चालता चालता मोबाइल गुपचूप एकीवरून दुसरीवर जातो. मग मागच्या खोलीत आकडा अचानक सुधारलेला दिसतो आणि सगळा नकाशा फसतो. म्हणून राउटरच्या पानावर जाऊन दोन्ही पट्ट्यांना मोजणीपुरती वेगळी नावे द्यावीत. मी `GHAR-2` आणि `GHAR-5` अशी दिली. राउटरचे पान बहुधा `192.168.1.1` या पत्त्यावर उघडते आणि त्याचा पासवर्ड राउटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो.

त्याच पानावर चॅनेल ‘ऑटो’ असेल, तर ते एका क्रमांकावर पक्के करावे. चॅनेल मध्येच बदलले, तर पाठवण्याची शक्तीही बदलू शकते, आणि मग सकाळी घेतलेले आकडे दुपारच्या आकड्यांशी जुळत नाहीत.

चालत मोजणी

पूर्ण मोजणी एकाच मोबाइलने करावी. दोन मोबाइल एकाच जागी ठेवले, तरी त्यांच्या आकड्यांत पाच-सहाचा फरक सहज पडतो, कारण आतले अँटेना वेगळे असतात. घरात ज्या यंत्राची सर्वांत जास्त तक्रार असेल, ते शक्य असल्यास मोजणीला घ्यावे. आम्ही वहिनीचाच मोबाइल घेतला.

मोजणीच्या जागा आधी नकाशावर क्रमांक घालून ठरवाव्यात. प्रत्येक खोलीचा मध्य, माणसे जिथे प्रत्यक्ष बसतात त्या जागा, आणि प्रत्येक भिंतीच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून हातभर अंतरावर एकेक जागा, एवढ्या तरी हव्यातच. भिंतीच्या दोन्ही बाजूंची जोडी सर्वांत मोलाची असते, कारण नंतर त्या दोन आकड्यांची वजाबाकी हीच त्या भिंतीची किंमत ठरते.

प्रत्येक जागी मोबाइल टेबलाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन फुटांवर धरावा. मग थांबावे. अँड्रॉइड ९ पासून कोणत्याही अॅपला दोन मिनिटांत फक्त चार वेळा आसपासची जाळी नव्याने शोधता येतात. त्यामुळे यादीतला आकडा अर्ध्या मिनिटापर्यंत शिळा असू शकतो. चालत चालत आकडे टिपणाऱ्याच्या कागदावर मागच्या खोलीचे आकडे पुढच्या खोलीत लिहिले जातात, ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे. प्रत्येक जागी निदान अर्धे मिनिट उभे राहिले की ती टळते. ज्या जाळ्याला मोबाइल जोडलेला आहे, त्याचा आकडा अॅप वेगळा दाखवत असेल तर तो वाचावा, कारण तो काही सेकंदांत ताजा होतो.

अर्धे मिनिट उभे असताना मोबाइल हातभर परिघात हळूहळू हलवावा. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळल्यामुळे चार बोटे सरकले तरी आकडा पाच-सात वर-खाली होतो. हलवताना सर्वांत जास्त वेळा दिसलेला आकडा घ्यावा, सर्वांत चांगला दिसलेला घेऊ नये.

आपले शरीरही आडवे येते. माजघराच्या मध्यावर राउटरकडे तोंड करून उभा राहिलो, तेव्हा उणे ५६ दिसले, आणि जागच्या जागी वळून राउटरकडे पाठ केली, तेव्हा उणे ६३. मोबाइल तोच, जागा तीच, मध्ये फक्त माझा देह आला. म्हणून प्रत्येक जागी दोन्ही दिशांनी वाचन करावे आणि दोन्ही लिहावेत. माणूस कायम एकाच दिशेने बसतो अशी जागा, म्हणजे कामाचे टेबल, असेल तर त्याच दिशेचा आकडा धरावा. इतर ठिकाणी मी नकाशावर समोरच्या बाजूचा आकडा घेतो, कारण भिंतींची तुलना करायला तो सोपा पडतो. दारे मात्र नेहमी जशी असतात तशीच ठेवावीत.

मावशीच्या घरातल्या निवडक जागांचे आकडे असे आले. सर्व आकडे उणे डीबीएममध्ये आहेत.

| जागा | ५ गिगाहर्ट्झ | २.४ गिगाहर्ट्झ |
|---|---|---|
| सोपा, माजघराच्या भिंतीपाशी | ४६ | ४० |
| माजघर, विटांच्या भिंतीनंतर | ५३ | ४५ |
| माजघर, मध्य | ५६ | ४८ |
| माडी, माजघराच्या मध्यावर | ६२ | ५३ |
| माजघर, दगडी भिंतीआधी | ५९ | ५० |
| स्वयंपाकघर, दगडी भिंतीनंतर | ७६ | ६० |
| स्वयंपाकघर, दाराच्या रेषेत | ६८ | ५६ |
| मागची खोली, वहिनीचे टेबल | ८८ | ७४ |

रंग भरणे आणि भिंतींची किंमत काढणे

दोन पट्ट्यांचे दोन वेगळे नकाशे रंगवावेत. उणे ५५ पर्यंत गडद हिरवा, उणे ५६ ते उणे ६७ फिकट हिरवा, उणे ६८ ते उणे ७५ पिवळा आणि त्याखाली लाल, एवढे चार रंग पुरतात. रंग भरताना एकच नियम कसोशीने पाळावा: एका खोलीत दोन जागांमधला भाग अंदाजाने रंगवावा, पण भिंत ओलांडून रंग पसरू देऊ नये. भिंतीच्या रेषेवर रंग तुटलाच पाहिजे.

हीट मॅप काढून देणारी संगणकावरची सॉफ्टवेअरेही आहेत. त्यांत नकाशाचे चित्र घालून, आपण उभे आहोत त्या जागी टिचकी मारत चालायचे असते. मोठ्या कार्यालयासाठी ती उपयोगी आहेत. पण मोजलेल्या दोन बिंदूंमधली जागा ती गणिताने भरतात आणि मधल्या भिंतीची त्यांना कल्पना नसते. भिंतीच्या जवळ मोजलेले नसेल, तर हिरवा रंग भिंतीतून अलगद पुढे वाहताना दिसतो आणि नकाशा प्रत्यक्षापेक्षा देखणा होतो. कागदावर हाताने रंगवणारा हे करत नाही, म्हणून पहिल्या वेळी कागदच वापरावा असे मी आग्रहाने सांगतो.

आता भिंतींची वजाबाकी करावी. सोपा आणि माजघरामधली विटांची भिंत ४६ वरून ५३ वर नेते, म्हणजे ५ गिगाहर्ट्झला तिची किंमत ७. दगडी भिंत ५९ वरून ७६ वर नेते, म्हणजे १७. दहाच्या उतरणीला दहावा हिस्सा उरतो हे लक्षात घेतले, तर १७ च्या उतरणीला पन्नासावा हिस्सा उरतो. त्या एका भिंतीत पन्नासातले एकोणपन्नास भाग जिरतात. २.४ गिगाहर्ट्झला त्याच भिंतीची किंमत १० आहे.

मोजणीआधी मावशी म्हणाली होती, “अरे, माडीवर कसलं पोचतंय? दोन बसवणार असशील तर एक वरच बसव.” माडीचा आकडा उणे ६२ आला. लाकडी फळ्यांनी आणि वाढलेल्या अंतराने मिळून फक्त ६ खाल्ले होते, आणि माडीची सबंध जागा फिकट हिरवी रंगली. वर स्लॅब असता, तर उत्तर वेगळे आले असते. या घरात मजल्याला काहीच कमी नव्हते. सगळा प्रश्न एका भिंतीचा होता आणि ती भिंत घराच्या मध्यावर होती.

तक्त्यातला दाराच्या रेषेतला आकडा नीट पाहावा. स्वयंपाकघरात दगडी भिंतीमागे उणे ७६ आहे, आणि तिथून चार पावलांवर, उघड्या दारातून राउटरची दिशा मोकळी सापडते तिथे, उणे ६८. नकाशावर हा भाग दारापासून आत जाणाऱ्या एका निमुळत्या पिवळ्या पट्ट्यासारखा दिसला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाल रंग होता. “स्वयंपाकघरात रेंज येते” असे मावशी सांगत होती आणि “येत नाही” असे वहिनी. एक दारात उभी राहून बोलायची, दुसरी ओट्यापाशी. दोघींचेही खरे होते.

सिग्नल बरा आणि तरीही कॉल तुटतो, तेव्हा

वहिनीच्या टेबलावर २.४ गिगाहर्ट्झचा आकडा उणे ७४ होता. हा चांगला नाही, पण जोडणी तुटावी इतका वाईटही नाही. तरीही कॉल तुटत होते. अशा वेळी दोष घराबाहेरच्या लाइनचा की घरातल्या वायफायचा, हे वेगळे काढावे लागते. विंडोजचा लॅपटॉप त्याच जागी ठेवून थेट राउटरला हाक मारावी.

```
ping -n 50 192.168.1.1
```

या पन्नास हाका घराबाहेर जातच नाहीत, त्यामुळे इथे दिसणारा दोष घरातलाच असतो. सोप्यात प्रत्येक उत्तर दोन ते पाच मिलिसेकंदांत येत होते. वहिनीच्या टेबलावर काही उत्तरे लगेच, काही तीनशे मिलिसेकंदांनी आली आणि पन्नासांपैकी सहा आलीच नाहीत. पेठेतल्या घरांच्या भिंती सामाईक असतात. अॅपच्या यादीत त्या जागी शेजाऱ्यांची अकरा जाळी २.४ गिगाहर्ट्झवर दिसत होती आणि त्यांतली काही आमच्या राउटरइतकीच जोरात ऐकू येत होती. हीट मॅप आपल्या राउटरचा आवाज किती मोठा ते दाखवतो, खोलीत गलका किती आहे ते दाखवत नाही. म्हणून नकाशावर पिवळा असलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या जागी ही चाचणी करावी, आणि ती संध्याकाळी करावी, कारण शेजारची घरे तेव्हाच भरलेली असतात.

यावरून पहिला निर्णय झाला: मागच्या खोलीला २.४ गिगाहर्ट्झच्या भरवशावर सोडता येणार नाही. तिथे ५ गिगाहर्ट्झ उणे ६७ पेक्षा चांगले पोहोचवायचे.

यंत्र कुठे आणि कोणते

नवे काही घेण्याआधी असलेला राउटर हलवून पाहावा. लांब लॅन केबल जोडून तो माजघरात, दगडी भिंतीतल्या दाराच्या रेषेत उंचावर ठेवला आणि मागच्या अर्ध्या घराची मोजणी पुन्हा केली. स्वयंपाकघर बरेच सुधारले, पण वहिनीचे टेबल उणे ७९ वर अडकले. पुष्कळ घरांत राउटर टीव्हीच्या मागून काढून मध्यावर आणला की काम भागते आणि एक रुपया खर्च होत नाही. इथे तसे झाले नाही, पण ही पायरी कोणीही गाळू नये.

दुसरे यंत्र घ्यायचे ठरले, तर दोन रस्ते असतात, आणि नकाशावरची जागा त्या रस्त्यावर अवलंबून असते. बिनतारी रिपीटर किंवा मेश यंत्र राउटरचा सिग्नल हवेतून घेते आणि पुढे देते. त्यामुळे ते जिथे रेंज नाही तिथे बसवून चालत नाही. त्याला स्वतःला निदान उणे ६५ च्या आसपास सिग्नल मिळेल अशा, वाटेवरच्या जागी ते हवे. दुकानात “मागच्या खोलीत लावा, फुल रेंज येईल” असे सांगितले जाते, आणि मोबाइलवर रेंज फुल दिसतेही, कारण मोबाइल रिपीटरशेजारीच असतो. पण त्या रेघा फक्त मोबाइल ते रिपीटर एवढ्याच टप्प्याच्या असतात. रिपीटर ते राउटर हा टप्पा उणे ८८ वर रडतखडत चालत असतो आणि तो कुठेच दिसत नाही. शिवाय एकाच पट्टीवर ऐकून त्याच पट्टीवर बोलणाऱ्या रिपीटरमध्ये वेग जवळजवळ निम्मा होतो.

आमच्या नकाशावर बिनतारी यंत्रासाठी योग्य जागा शोधली, तर ती सापडलीच नाही. भिंतीच्या अलीकडे उणे ५९ मिळते, पण तिथून पुढे टाकलेला सिग्नल पुन्हा त्याच दगडात जिरणार. पलीकडे एकच शक्यता होती, दाराच्या पिवळ्या पट्ट्यात, आणि तिथे उणे ६८. दार लोटले की तेही गेले. जिथे एकच भिंत सगळा सिग्नल खाते, तिथे ती भिंत तारेनेच ओलांडावी, असे माझे मत आहे.

हा दुसरा रस्ता, म्हणजे राउटरला तारेने जोडलेले आणि तिथून वायफाय देणारे यंत्र, अॅक्सेस पॉइंट. त्याला हवेतून आलेला सिग्नल लागत नाही. त्यामुळे तो थेट लाल भागात, माणसे जिथे बसतात तिथेच बसवता येतो. त्याची जागा नक्की करण्यापूर्वी एक साधी रंगीत तालीम करावी. दुसऱ्या मोबाइलवर हॉटस्पॉट सुरू करून त्याची पट्टी ५ गिगाहर्ट्झ निवडावी आणि तो मोबाइल नियोजित जागी, नियोजित उंचीवर ठेवावा. इंटरनेट चालू नसले तरी चालते, कारण आपल्याला फक्त सिग्नल मोजायचा आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट राउटरपेक्षा हळू बोलतो. किती हळू, ते आधी काढून ठेवावे. मी राउटर आणि हॉटस्पॉट दोन्ही सहा फुटांवरून मोजले, तेव्हा उणे ४० आणि उणे ४६ आले. म्हणजे तालमीच्या प्रत्येक आकड्यात ६ ची भर घालायची.

हॉटस्पॉट मागच्या खोलीच्या फळीवर, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवला. वहिनीच्या टेबलावर उणे ४९ आणि ओट्यापाशी उणे ६३ आले, म्हणजे खऱ्या यंत्राचे अंदाजे उणे ४३ आणि उणे ५७. हीच फळी आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, परसाच्या बाजूला धरून पाहिली होती. तिथून ओटा उणे ६९ वर गेला होता आणि सिग्नलचा बराच भाग परसात वाया जात होता. पाच मिनिटांच्या या तालमीने जागा ठरली.

बसवणे

वाट दोऱ्याने मोजली. माजघराच्या तुळईवरून, दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरून केबल नेली, ती चढ-उतार धरून २४ मीटर भरली. कॅट-६ प्रतीची, पूर्ण तांब्याची लॅन केबल घ्यावी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, ती घेऊ नये. १०० मीटरपर्यंत या केबलला अडचण नसते. विजेच्या तारांच्याच पट्टीतून ती नेऊ नये.

नवा अॅक्सेस पॉइंट न घेता जुना, दोन पट्ट्यांचा राउटरही चालतो. आम्ही तसाच वापरला. त्याच्या पानावर त्याचा पत्ता बदलून `192.168.1.2` करावा, यंत्रांना पत्ते वाटणारे DHCP बंद करावे आणि पुढून आलेली केबल त्याच्या WAN भोकात न लावता LAN भोकात लावावी. DHCP चालू राहिले, तर घरातली काही यंत्रे चुकीच्या दारावर इंटरनेट मागत बसतात, आणि दोष शोधताना दिवस जातो.

पुढच्या राउटरला आता पुन्हा मूळचे एकच नाव द्यावे आणि मागच्यालाही तेच नाव आणि तोच पासवर्ड द्यावा, म्हणजे मोबाइल आपोआप एकावरून दुसऱ्यावर जातो. चॅनेल मात्र वेगळे ठेवावेत. आम्ही ५ गिगाहर्ट्झला पुढे ३६ आणि मागे १४९, तर २.४ गिगाहर्ट्झला पुढे १ आणि मागे ११ ठेवले.

दुसरी फेरी

सगळे बसल्यावर त्याच क्रमांकांच्या जागी, त्याच मोबाइलने, दुसऱ्या कागदावर पुन्हा मोजणी करावी. आता नाव एकच असल्यामुळे अॅपमध्ये आपण कोणत्या यंत्राला जोडलेले आहोत, हे BSSID या ओळीतल्या पत्त्यावरून ओळखावे. वहिनीच्या टेबलावर उणे ४२ आले, ओट्यापाशी उणे ५८, आणि राउटरला पन्नास हाका मारल्यावर पन्नासही उत्तरे आली.

एक अडचण या फेरीतच सापडली. सोप्यातून चालत स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा मोबाइल पुढच्याच राउटरला चिकटून राहिला आणि उणे ७३ दाखवत राहिला. मोबाइल जवळचे यंत्र दिसताक्षणी उडी मारत नाही, हातातला सिग्नल पुरता खराब होण्याची वाट पाहतो. आयफोन साधारण उणे ७० च्या खाली गेल्यावर दुसरे शोधू लागतो आणि अँड्रॉइडमध्ये हे मोबाइलनुसार बदलते. यावर उपाय म्हणून पुढच्या राउटरची पाठवण्याची शक्ती ‘हाय’वरून ‘मीडियम’ केली. सोपा, माजघर आणि माडी उणे ६७ च्या आतच राहिले आणि दगडी भिंत ओलांडल्यावर मोबाइल चार-पाच सेकंदांत मागच्या यंत्रावर जाऊ लागला.

मोजणी उन्हाळ्यात केली असेल, तर काठावरच्या आकड्यांत थोडी सवड ठेवावी. कोल्हापूरच्या पावसात जुन्या भिंती ओल धरतात आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त अडवते. फेब्रुवारीत उणे ६६ दाखवणारी जागा जुलैत फिकट हिरवी राहील, असे धरून चालू नये.

दुसऱ्या नकाशावर लाल रंग एकाच ठिकाणी उरला, परसातल्या न्हाणीघरात, जिथे उणे ७९ होते. तिथे कोणाला काही बघायचे नसते, म्हणून तो तसाच ठेवला. दोन्ही कागद तारीख घालून राउटरच्या फळीखाली चिकटवले आहेत.